रेस्टॉरंटमध्ये कार्डावरून दोनदा पैसे गेले: बँकेला पाठवायच्या पत्राचा मसुदा

प्राजक्ता, शनिवार 20 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी,

30 ऑगस्टला आपला गणपतीचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही अकरा व्हॉलंटियर रात्री जेवायला गेलो होतो, बिल मी माझ्या डेबिट कार्डाने दिलं आणि नंतर सगळ्यांनी मला आपापला वाटा पाठवला, तिथपर्यंत सगळं ठीक. पण पैसे दोनदा गेलेत आणि आता तीन आठवडे झाले.

झालं असं की वेटरने टेबलावर मशीन आणलं, कार्ड टेकवलं, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि मग तो म्हणाला नेटवर्क नाहीये, आत जाऊन करतो. आत जाऊन तो स्लिप घेऊन आला, 318.50 डॉलर, त्यावर मी 57 डॉलर टिप लिहिली, एकूण 375.50, सही केली. 2 सप्टेंबरला 375.50 खात्यातून गेले, ते बरोबर. त्याच दिवशी 318.50 ची आणखी एक पेंडिंग ओळ दिसायला लागली, मला वाटलं टिपच्या आधीची रक्कम धरून ठेवतात तीच असेल, जाईल आपोआप. गेली नाही, 4 तारखेला तीसुद्धा पोस्ट झाली.

5 ला रेस्टॉरंटला फोन केला, मॅनेजर म्हणाले आमच्याकडे एकच दिसतंय, दुसरं पेंडिंग आहे, गळून पडेल. 12 ला बँकेला फोन केला, तिथली बाई म्हणाली रक्कम वेगळी आहे म्हणजे हे डुप्लिकेट नाही, तरी तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला आणि लेखी पाठवा म्हणाली. काल स्टेटमेंट आलं, त्यात दोन्ही आहेत.

पत्र कसं लिहायचं कुणी सांगाल का? 318 डॉलर माझ्यासाठी थोडे नाहीत.

प्राजक्ता

नितीन, शनिवार 20 सप्टेंबर

प्राजक्ता, अजिबात घाबरू नकोस, कायदा तुझ्या बाजूने आहे. स्टेटमेंटनंतर 60 दिवसांच्या आत लेखी कळवायचं, मग बँकेला 30 दिवसांत पोच द्यावी लागते आणि दोन बिलिंग सायकलच्या आत निकाल लावावा लागतो. तोवर वादातली रक्कम भरायची नाही. माझं हॉटेलचं असंच झालं होतं, मी भरलीच नाही आणि शेवटी त्यांनी काढून टाकली. फोनवर बोलण्याला काही अर्थ नसतो, सगळं लेखीच लागतं.

सुहास काका, रविवार 21 सप्टेंबर

प्राजक्ता, नितीन,

नितीन म्हणतो ते खोटं नाही पण ते क्रेडिट कार्डाचं आहे. तिथे पैसे अजून गेलेले नसतात, बिल यायचं असतं, म्हणून "भरू नका" म्हणता येतं. डेबिट कार्डात पैसे खात्यातून गेलेच, भरायचं न भरायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि नियमही वेगळा आहे, अमेरिकेतला रेग्युलेशन ई. मी चौदा वर्षं बँकेच्या डिस्प्युट डेस्कवर काढली, तिथे या दोन्हींची गल्लत रोज बघायचो. 60 दिवस दोन्हीकडे आहेत, म्हणून गोंधळ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: डेबिटच्या बाबतीत फोनने कळवलेलं चालतं. प्राजक्ता, तू 12 सप्टेंबरला फोन केलास त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालंय. बँकेला कामकाजाचे 10 दिवस मिळतात, म्हणजे शुक्रवार 26 सप्टेंबर. तोवर त्यांचा तपास संपला नाही तर आणखी वेळ घेता येतो पण त्या बदल्यात रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी लागते. दुकानात किंवा हॉटेलात वापरलेल्या डेबिट कार्डासाठी एकूण 90 दिवसांपर्यंत तपास चालू शकतो, तुझ्या बाबतीत 11 डिसेंबर.

आता खोच. त्या बाईने "लेखी पाठवा" म्हटलंय. बँकेने लेखी मागितलं आणि ते फोनपासून कामकाजाच्या 10 दिवसांत पोचलं नाही, तर तात्पुरते पैसे जमा करायचं बंधन त्यांच्यावर राहत नाही. तपास तरीही करावा लागतो, पण पैसे तोवर अडकतात. म्हणून पत्र 26 च्या आत तिथे *पोचायला* हवं, नुसतं पोस्टात पडून उपयोग नाही. स्टेटमेंटच्या शेवटी चुका कळवायचा पत्ता असतो, तोच वापर, ब्रँचच्या पत्त्यावर नको. बँकेच्या साइटवर मेसेजने पाठवता येत असेल तर आजच तिथेही पाठव आणि शिवाय ओव्हरनाइट, सही घेऊन पोचवणाऱ्या टपालाने.

रकमेबद्दल. त्या बाईची चूक समजण्यासारखी आहे, पण चूकच आहे. नेहमी काय होतं, आधी टिपशिवाय रक्कम अडवतात, मग टिप मिळवून पक्की रक्कम पोस्ट होते आणि अडवलेली सुटते. तुझी 318.50 ची ओळ दिसायला अगदी तशीच आहे, म्हणून सगळे "गळून पडेल" म्हणतात. पण गळणारी ओळ कधी पोस्ट होत नाही आणि स्टेटमेंटवर येत नाही. तुझी पोस्ट झाली, स्टेटमेंटवर आली, आणि पक्के पैसे गेल्यावर उगवली, आधी नाही. व्यवहार मंजूर होताना त्याला जो ऑथरायझेशन कोड मिळतो तो बँकेला दोन्हींचा बघायला सांग, ते वेगवेगळे असतील.

मला वाटतं पहिल्या वेळी मशीनने कार्ड वाचलं, नेटवर्क नव्हतं म्हणून व्यवहार आत साठवला आणि नंतर कधीतरी जोडणी आल्यावर पाठवून दिला. काही मशीनं अशी सोय ठेवतात. 1 तारखेला लेबर डेची सुट्टी होती म्हणून 2 ला दिसला. पण हा माझा अंदाज, पत्रात घालू नकोस. पत्रात फक्त तू पाहिलेलं लिही.

आणि कुठली रक्कम परत मागायची ते स्वच्छ लिही. 375.50 तू मान्य करून सही केलेली आहे, ती तशीच राहू दे. 318.50 परत माग. 375.50 मागितलेस तर टिपही परत मागतेयस असं होतं आणि मग ते रेस्टॉरंटची सही केलेली स्लिप दाखवून तुझी अख्खी तक्रार बाद करतील.

सुहास

मीनल, रविवार 21 सप्टेंबर

माझ्या आईचं पुण्यात असंच झालं होतं, दुकानात कार्ड घासलं, पैसे गेले पण मशीनमधून स्लिपच आली नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पाच दिवसांत आपोआप परत आले नाहीत तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये बँकेने द्यायचे. आईला मिळाले सुद्धा! प्राजक्ता, तूही दिवसाचे पैसे माग की पत्रात.

सुहास काका, रविवार 21 सप्टेंबर

मीनल, तो नियम खरा आहे, 2019 चा, पण भारतातल्या बँकांपुरता, आणि तिथेही पैसे गेले पण दुकानदाराकडे व्यवहार पूर्णच झाला नाही अशाच वेळी लागतो. आईच्या केसला तो बरोबर बसला. इकडे तसा रोजचा दर नाही, पत्रात मागितलंस तर वाचणारा मुद्द्यावरून भरकटेल.

प्राजक्ता, रविवार 21 सप्टेंबर, रात्री

काका, खूप आभार. उद्या सकाळी पाठवते. लिस्टवर मराठीच लिहायचं ठरलंय म्हणून मसुदा मराठीत टाकतेय, पाठवताना इंग्रजी करीन.

> विषय: डेबिट कार्डावरील चुकीच्या व्यवहाराची तक्रार, 318.50 डॉलर. 12 सप्टेंबर 2025 रोजी फोनवर नोंदवलेल्या तक्रारीची लेखी पुष्टी (तक्रार क्रमांक सोबत).
>
> महोदय, 30 ऑगस्ट 2025 रोजी रात्री मी एका रेस्टॉरंटमध्ये एकाच जेवणाचं एकच बिल डेबिट कार्डाने दिलं. बिल 318.50, टिप 57.00, एकूण 375.50 डॉलर. हा व्यवहार 2 सप्टेंबरला पोस्ट झाला आणि तो मला मान्य आहे.
>
> त्याच रेस्टॉरंटचा 318.50 डॉलरचा दुसरा व्यवहार 4 सप्टेंबरला पोस्ट झाला. त्याला मी संमती दिलेली नाही, त्याची स्लिप मला मिळालेली नाही आणि त्या रात्री मी तिथे दुसरं काहीही घेतलेलं नाही. टेबलावर आणलेल्या मशीनवर कार्ड टेकवल्यावर नेटवर्क नसल्याचं वेटरने सांगितलं आणि आत जाऊन पुन्हा केलं. दोन्ही व्यवहार 19 सप्टेंबरच्या स्टेटमेंटवर आहेत. दोन्हींचे ऑथरायझेशन कोड तपासावेत ही विनंती.
>
> 318.50 डॉलर माझ्या खात्यात परत जमा करावेत. तपासाला 26 सप्टेंबरपेक्षा जास्त वेळ लागत असल्यास ही रक्कम तात्पुरती जमा करावी. तक्रार नाकारल्यास कारण लेखी द्यावं आणि ज्या कागदपत्रांवर निर्णय घेतला त्यांच्या प्रती पाठवाव्यात.
>
> सोबत: बिलाची प्रत, माझ्याकडची टिपसह स्लिप, स्टेटमेंटचं पान. 5 सप्टेंबरला रेस्टॉरंटला फोन केला असता त्यांनी त्यांच्याकडे एकच व्यवहार दिसत असल्याचं सांगितलं.

सुहास काका, सोमवार 22 सप्टेंबर

चांगलं झालंय. दोनच गोष्टी. बिलावर चेक नंबर, म्हणजे त्या बिलाचाच क्रमांक असतो, तो मजकुरातही लिही, कारण रेस्टॉरंटला 318.50 खरे ठरवायचे तर दुसऱ्या बिलाचा दुसरा चेक नंबर दाखवावा लागेल आणि तो त्यांच्याकडे नाही. आणि कार्डाचे शेवटचे चारच आकडे लिही, पूर्ण नंबर कुठेही नको.

केदार (खजिनदार), सोमवार 22 सप्टेंबर

प्राजक्ता, तुला मंडळासाठी हा ताप झाला याचं फार वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी अशा जेवणाला मंडळाचंच डेबिट कार्ड वापरू या, म्हणजे कुणा एकाच्या खात्यावर यायला नको.

सुहास काका, सोमवार 22 सप्टेंबर

केदार, त्याआधी थोडा थांब. वर मी जे 10 दिवस, 90 दिवस, तात्पुरतं क्रेडिट सांगितलं ते घरगुती, वैयक्तिक खात्यालाच लागू आहे. मंडळाचं खातं संस्थेचं, त्याला हे संरक्षण नाही, तिथे बँकेशी केलेल्या करारात जे लिहिलंय ते. कार्ड कंपन्यांचे डुप्लिकेट व्यवहारांचे स्वतःचे नियम आहेत, ते वापरून बँक रेस्टॉरंटच्या बँकेकडून पैसे परत आणू शकते, पण तात्पुरते पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला नसतो. आपल्या खात्याचा करार काढून बघ आणि कमिटीत ठेव.

केदार, सोमवार 22 सप्टेंबर

हे माहीत नव्हतं. करार काढतो. पण म्हणजे कुणीतरी स्वतःच्या कार्डाने द्यायचं हेच चालू ठेवायचं का, मला ते पटत नाही.

प्राजक्ता, शुक्रवार 26 सप्टेंबर

पत्र बुधवारी पोचलं, सहीची पोच आलीय, आणि आज सकाळी खात्यात 318.50 जमा, पुढे "तात्पुरतं" असं लिहिलंय. तासाभराने रेस्टॉरंटच्या मॅनेजरांचा फोन, आम्हाला सापडलं, कार्डावर रिफंड करतो म्हणाले. काका, आता काय करू, हो म्हणू का?

सुहास काका, शुक्रवार 26 सप्टेंबर

हो म्हण, पण कधी केला आणि त्याची स्लिप लेखी माग, आणि रिफंड खात्यात *दिसला* की लगेच बँकेला कळव, नाहीतर एकाच रकमेचे पैसे दोनदा तुझ्याकडे येतील आणि बँक नंतर स्वतःचे काढून घेईल, ते खात्यात शिल्लक नसताना झालं तर भलतंच. दिसेपर्यंत मात्र बँकेची तक्रार मागे घेऊ नकोस. नुसत्या फोनवरच्या शब्दावर तक्रार मागे घेतली आणि रिफंड आलाच नाही अशा बऱ्याच केसेस मी बघितल्यात.

प्राजक्ता, शुक्रवार 26 सप्टेंबर

त्यांना ईमेल केलाय, स्लिप मागितलीय. तात्पुरत्या पैशांना हात लावत नाही. रिफंड दिसला की इथे लिहिते.