चार महिन्यांपासून आईच्या तोंडातील फोड बरे होत नाहीत, कोणाला दाखवावे?

मीना_सांगली: आईचे वय ५२ आहे. गालांच्या आत आणि टाळूवर येणारे फोड लगेच फुटतात व मागे सोललेली, लालभडक जागा उरते. दात घासताना हिरड्यांची सालपटे निघतात. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि दोन मलमे वापरून झाली आहेत. पाच हजारांच्या आत कोणते मलम किंवा कोणते डॉक्टर सुचवाल?

निवृत्त_मास्तर: मलाही वारंवार तोंड येत असे. बी१२ची इंजेक्शने घेतली, जाईचा पाला चघळला आणि आठ दिवसांत आराम पडला. ही उष्णताच असते.

ठाणेकर: माझी जखम धारदार दाढेमुळे होती. दाढ काढून स्क्रूचा दात बसवला, चाळीस हजार लागले. स्वस्तात काही होत नाही.

उर्मिला_को: मास्तरांचे छाले आठ दिवसांत भरले, साधे छाले बहुधा दोन आठवड्यांत भरतातच. इथे चार महिने झाले आहेत आणि सालपटे निघत आहेत, त्यामुळे प्रश्न वेगळा आहे. माझ्या यजमानांना पेम्फिगस होता. त्यात शरीराचीच प्रतिपिंडे त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करतात आणि वरचा थर सुटून येतो. त्यांच्या अंगावर फोड येण्यापूर्वी पाच महिने तो केवळ तोंडात होता, म्हणून आम्ही दंतवैद्यांकडेच फिरत राहिलो.

निदानासाठी दोन तुकडे घेतात : एक फोडाच्या कडेचा, दुसरा शेजारच्या न सोललेल्या जागेचा. दुसऱ्यावर प्रतिपिंडे चमकवून पाहणारी तपासणी होते, आणि तो फॉर्मेलिनमध्ये टाकला तर ती वाया जाते. आमच्या वेळी नेमके तेच घडले आणि तुकडा पुन्हा काढावा लागला. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना आधीच विचारा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात खर्च बराच कमी येईल.

पुणेरी_गृहस्थ: पुढे स्टिरॉइडच देणार ना? माझ्या मेहुण्याची साखर त्यानेच वाढली.

उर्मिला_को: साखर वाढते हे खरे आहे, म्हणून ती मोजत राहतात आणि दुसरी औषधे जोडून स्टिरॉइड कमी करत नेतात. मात्र निदानाआधी मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, तर तपासणीचे चित्र धूसर होऊ शकते. मीनाताई, आईंचे डोळे चुरचुरतात का? पेम्फिगॉइड नावाच्या जवळच्या आजारात डोळ्यांत व्रण धरून दृष्टी जाऊ शकते.

ठाणेकर: तरीही दाढ एकदा बघाच.

मीना_सांगली: डोळे ठीक आहेत. दाढा तपासल्या आहेत. आई तुकडा काढून द्यायला तयार नाही, म्हणून आधी रक्तातील डेस्मोग्लीन, म्हणजे पेशी जोडणाऱ्या त्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करायचे ठरवले आहे.

उर्मिला_को: ती उपयोगी आहे, पण प्रतिपिंडे आढळली नाहीत म्हणून आजार नाही असे धरू नका.

मीना_सांगली: मंगळवारी रक्त देत आहोत. तुकड्याचे नंतर बघू.