शब्द हवा : ‘पुल रिक्वेस्ट’ला काय म्हणावं? आणि ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा का?

शहापूरची
आमच्या भागातल्या बोलीतले शब्द शोधायचं एक लहानसं पायथन अवजार आम्ही चौघं-पाचजण मिळून करतोय. शब्द टाकला की अर्थ येतो, एवढंच. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. बदल कसे पाठवायचे हे सांगणारी `CONTRIBUTING.md` ही फाइल मी मराठीत लिहायला घेतली आणि तीन शब्दांवर अडकले. पुल रिक्वेस्टला मी ‘ओढ-विनंती’ लिहिलं, स्टाइलला ‘शैली’ आणि टेस्टला ‘परीक्षा’. फाइलमध्ये वाक्य होतं, ‘प्रत्येक बदलासोबत परीक्षा द्यावी.’ कॉलेजातल्या एका मुलानं निरोप पाठवला, “ताई, परीक्षा कधी आहे? सिलॅबस मिळेल काय?” तेव्हा कळलं, कुठंतरी चुकलंय.

खानापूरकर
मथळा बघून आलो. पूल मागायचा असंल तर अर्ज कुणाकडं करायचा, ते आधी सांगा बगू. आमच्या ओढ्यावरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातोय. आणि तुम्ही तर चक्क ‘ओढ-विनंती’च म्हणायलाय!

शहापूरची
काका, तो पूल न्हवं वो. इथला ‘पुल’ म्हणजे ओढणं.

खानापूरकर
मग ‘वढणं’ म्हणा की सरळ. पण कोण कुणाला वढतंय?

टिळकवाडी
काकांचा प्रश्नच खरा आहे. नवीन माणूस ‘ओढ-विनंती करा’ वाचतो आणि त्याला वाटतं, आपणच काहीतरी ओढायचंय. प्रत्यक्षात उलटं आहे. तुम्ही प्रकल्पाची आपली प्रत घेता, तिच्यात वेगळी शाखा काढून बदल करता, आणि मूळ प्रकल्प सांभाळणाऱ्याला म्हणता की माझ्या शाखेतलं तुमच्याकडं ओढून घ्या. ओढणारा तो, सांगणारे तुम्ही. गिटमध्ये `git request-pull` अशी आज्ञाच आहे. ती फक्त ‘अमुक ठिकाणाहून एवढे बदल घ्या’ असा मजकूर तयार करून देते, मग तो मेलनं पाठवायचा. गिटलॅबवाल्यांनी शेवटी बदल मिसळायचाच असतो म्हणून ‘मर्ज रिक्वेस्ट’ नाव घेतलं.

माझं मत असं : नाम बदलू नका, कारण पडद्यावरच्या बटणावर `New pull request` असंच दिसणार आहे. ‘ओढ-विनंती’ वाचलेला माणूस ते बटण शोधत बसेल. क्रियापद मात्र मराठी घ्या. ‘बदल मांडा’. सभेत ठराव मांडतात तसा. मांडलेला बदल नामंजूर होऊ शकतो, त्यावर दुरुस्ती सुचवता येते, हे सगळं ‘मांडणे’त आपोआप येतं. ‘बदल पाठवा’ म्हटलं की पाठवला, संपलं, असं वाटतं.

शहापूरची
‘मांडा’ पटलं. आता टेस्ट?

निपाणीवाला
त्यात काय एवढं? टेस्ट म्हणजे ‘चालवून बघा’. मी तसंच करतो. परवा तुमच्याच अवजारात ‘दऱ्या’ शोधलं तर काही सापडेना. यादीत शब्द आहे, डोळ्यांना दिसतोय, तरी नाही. शेवटी कळलं की माझ्या फोनचा कीबोर्ड साधा र टाकून त्याला खाली नुक्ता जोडतोय. मी शोधातला नुक्ता उडवायची एक ओळ घातली, चालवून बघितलं, निकाल आला. मांडू का बदल?

टिळकवाडी
थांबा. निकाल काय आला?

निपाणीवाला
आला की एक शब्द.

टिळकवाडी
कुठला?

निपाणीवाला
…दर्या. अर्थ : समुद्र.

खानापूरकर
आमच्या खानापूरच्या रानात समुद्र आणला राव यानं!

टिळकवाडी
निदान तुमचं बरोबर आहे, औषध चुकलं. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एकच अक्षर U+0931, किंवा साधा र U+0930 आणि त्यामागे नुक्ता U+093C. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला `len` विचारा, पहिल्या ‘दऱ्या’ची लांबी 5 येते आणि दुसऱ्याची 6. नुक्ता उडवला की उरतो साधा र, आणि दरीचं अनेकवचन समुद्र होतं. उडवायचं नाही, जुळवायचं. `unicodedata.normalize("NFC", shabd)` हे र आणि नुक्ता यांचा एकच ऱ करून देतं. शोधातल्या शब्दालाही ते लावायचं आणि यादीतल्यालाही.

आता शब्दाकडं येतो. ‘चालवून बघा’ हे टेस्टचं भाषांतर का नाही, ते याच गोष्टीत आहे. समजा तुम्ही असं लिहिलं असतं :

```python
def test_darya():
    assert shodh("द\u0930\u093c\u094dया")
```

ही टेस्ट तुमच्या चुकीच्या बदलावरही पास झाली असती. ती एवढंच विचारते की काहीतरी सापडलं का. समुद्र सापडला होता. हवी ती अशी :

```python
def test_darya():
    assert shodh("द\u0930\u093c\u094dया") == ["दऱ्या"]
```

अक्षरांऐवजी आकडे मुद्दाम घातलेत. नुसतं ‘दऱ्या’ टाइप केलं तर तुमचा संपादक किंवा कॉपी-पेस्ट त्याचा गुपचूप दुसरा अवतार करून टाकील, आणि वाचणाऱ्याला फरक दिसणारच नाही.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी टेस्ट लिहायची, कोडला हात न लावता `pytest` चालवायचं आणि ती नापास होते हे डोळ्यांनी बघायचं. मग NFC घालून पुन्हा चालवायचं. बदलाच्या आधीच पास होणारी टेस्ट या दोषाबद्दल काहीच सांगत नाही.

शहापूरची
म्हणजे ‘परीक्षा’ नकोच. ‘चाचणी’ लिहू?

टिळकवाडी
चाचणी रूढ आहे, चालेल. पण एकदा करून सोडली असाही तिचा अर्थ निघतो. ही मात्र फाइलमध्ये राहते आणि पुढचा माणूस काही बदलेल तेव्हा पुन्हा चालते.

अनगोळ
आमचे आजोबा सराफकट्ट्यावर असायचे. सोनं ‘कसाला लावणं’ म्हणायचे. कसोटी दगड दुकानातच पडलेला असायचा, माल बदलायचा, दगड तोच. मग ‘कसोटी’ म्हणा की.

निपाणीवाला
कसोटी म्हटलं की पोरांना क्रिकेट आठवणार. पाच दिवस.

शहापूरची
‘कसोटी’ मला आवडला, पण आमच्यातल्या दोघांना ‘चाचणी’च हवा आहे. तूर्त वाक्य असं केलंय : ‘बदल मांडताना त्यासोबत चाचणी जोडा. ती तुमच्या बदलाशिवाय नापास आणि बदलासह पास झाली पाहिजे. काहीतरी मिळालं एवढं न बघता नेमकं काय मिळालं ते तपासा.’

आणि स्टाइलला?

अनगोळ
वळण. अक्षराला वळण असतं तसं कोडला. ‘फाइलचं वळण आहे तसं ठेवा.’

टिळकवाडी
झकास. त्याखाली एकच गोष्ट लिहा : संपादकाला आख्खी फाइल आपोआप सजवू देऊ नका. कुणीतरी दोन ओळी बदलतो, संपादक चारशे ओळींच्या मोकळ्या जागा हलवतो, आणि तपासणाऱ्याला त्या दोन ओळी सापडत नाहीत. सजवायचंच असेल तर तो वेगळा बदल म्हणून मांडायचा.

खानापूरकर
वळण आम्हाला शाळेत छड्या खाऊन लागलं. ते ऱ्हावू द्या. दोष दिसला, पण कोड येत नसंल तर काय करायचं?

शहापूरची
मग इश्यू लिहायचा, काका. काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं. तीन ओळी. त्यालाही शब्द हवाच आहे.

खानापूरकर
गाऱ्हाणं! देवाला घालतो तसं.

टिळकवाडी
त्यातही ‘ऱ्ह’ आहे, चाचणीत घ्या. गंमत म्हणजे माझ्या जुन्या फाइलींमधला ‘ऱ्ह’ तिसऱ्याच तऱ्हेचा निघाला : साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक U+200D. त्याला NFC हात लावत नाही. तो आपण हातानं ऱ करून घ्यावा, की यादीतच नीट लिहायला लावावं?

निपाणीवाला
हातानं करा.

शहापूरची
मला भीती वाटते. तो जोडक दुसऱ्या शब्दांत मुद्दाम घातलेला असेल तर? आधी गाऱ्हाणं घालते, मग बघू.