दानावरचा उपदेश: मलाखी 3 घ्यावा की करिंथकरांस दुसरे पत्र?

प्रश्न: पुढच्या रविवारी दानावर बोलायचंय. मलाखी 3:8, 'तुम्ही देवाला ठकवता' इथून सुरुवात आणि मंदिरात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेवर शेवट, असा मसुदा आहे. पत्नी म्हणते, ऐकताना धाक बसतो. खरंच तसं वाटतं का?

निवृत्त पाळक: वाटतं. मलाखीत मंदिराच्या भांडारात आणायचं होतं ते अन्न. ते आलं नाही की काय होतं ते नहेम्या 13 मध्ये दिसतं: त्या अन्नावर जगणारे मंदिराचे सेवक, लेवी, आपापल्या शेतांवर परत गेले होते. शिवाय मलाखी पहिल्या अध्यायात आंधळी-लंगडी जनावरं अर्पण करणाऱ्या याजकांना धारेवर धरतो. ते गाळून थेट 3:8 वर आलात, तर याजकांवरचा ठपका सुटतो आणि लोकांवरचा तेवढा उरतो. विधवेचंही तसंच. मार्क 12:40 मध्ये, अगदी आधीच्या ओळीत, विधवांची घरं गिळणारे शास्त्री आहेत. ती ओळही मोठ्याने वाचा.

त्यापेक्षा करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 8 घ्या. 'आज्ञा म्हणून सांगत नाही' असं पौल आठव्या वचनात लिहितो. बाराव्यात मोजमाप देतो: आहे त्यानुसार, नाही त्यानुसार नव्हे.

मंडळीचा खजिनदार: पण त्याच पत्रात 9:4 आहे! मासेदोनियाचे लोक आले आणि तुमची तयारी नसली तर लाज वाटेल, असं पौलच लिहितो. म्हणजे लाज त्यालाही चालत होती. नुसतं गोड बोलून कोणी देत नाही.

एक बहीण: माझी नोकरी गेली तेव्हा 'दशमांश चुकवला म्हणून शाप' असा उपदेश ऐकला. त्या रविवारी ताट पुढे आलं तेव्हा अर्पणाचं रिकामं पाकीट टाकलं, शेजारणीला दिसावं म्हणून. नंतर तीन महिने गेलेच नाही. दशमांश पगारावर की हातात येतो त्यावर, हे मात्र अजून कळलेलं नाही.

निवृत्त पाळक: ताई, पौलाच्या या दोन अध्यायांत दहावा हिस्सा कुठेच नाही.

खजिनदार, 9:4 मलाही टोचतं, ते मी झाकणार नाही. पण करिंथकरांनी आधीच कबूल केलं होतं आणि पैसा यरुशलेममधल्या गरजूंसाठी होता. कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने तीताबरोबर आणखी माणसं धाडली, 8:20 पाहा. आपला पाळकांचा तर पगारच त्या ताटातून येतो. म्हणून मी दानावर बोलायचो त्या रविवारी, त्यातलं किती माझ्या पगाराला जातं ते आधी सांगायचो. मग पुढच्या ओळीत बसलेला कामावरून काढलेला माणूस डोळ्यांपुढे आणून मसुदा वाचायचो. भीती काढली की ज्या वाक्यात काहीच उरत नाही, ते खोडायचो. आणि अर्पण उपदेशाआधी घ्यायचो.

खजिनदार: पगाराचं पटलं. अर्पण आधी घेणं नाही पटत. ऐकून मन हललं तर त्या माणसाने द्यायचं कधी?

निवृत्त पाळक: पुढच्या रविवारी. तोवर टिकलं, तर ते त्याचं स्वतःचं असेल.

खजिनदार: आणि नाही टिकलं, तर छपराचं काम कोण करणार?