शब्दचर्चा : 'किक' आणि 'टॉपस्पिन' सर्व्हिस एकच का? आणि चेंडू 'घासायचा' की आणखी काही?

सातरस्ता
सोलापुरात उन्हाळी शिबिरातल्या 12 ते 16 वयाच्या मुलांसाठी टेनिसचं एक पानी मराठी टिपण लिहायला घेतलंय. दोन ठिकाणी अडले आहे.

पहिलं म्हणजे, 'किक सर्व्हिस' आणि 'टॉपस्पिन सर्व्हिस' ही एकाच फटक्याची दोन नावं आहेत की फटकेच दोन? दुसरं क्रियापदाचं. चेंडूच्या पाठीवरून रॅकेट खालून वर न्यायची, हे मुलांना एका शब्दात कसं सांगायचं? 'घासा' म्हटलं की मुलं भांडी घासल्यासारखी रॅकेट आडवी फिरवतात. शब्द चुकला की हातही चुकतो, हे रोज डोळ्यासमोर दिसतं.

होटगीरोडकर
किक म्हणजे लाथ. 'लाथाळी सर्व्हिस' म्हणा, मुलं विसरणार नाहीत. फरक असा काही नाही. चेंडू पुढच्या दिशेनं गरगर फिरत येतो, टप्प्याला जमीन पकडतो आणि त्या फिरकीच्या जोरावर वर उडतो. जितकी फिरकी जास्त तितकी उसळी जास्त. दोन्ही नावांचा अर्थ एवढाच.

बेसलाइन
ताई, दोन्ही नावं एकाच अर्थानं वापरणारे प्रशिक्षक भरपूर आहेत, त्यामुळे होटगीरोडकरांना पूर्ण चूक म्हणता येणार नाही. पण शिकवताना मी फरक करतो, कारण चेंडू टप्प्यानंतर वेगळा वागतो.

चेंडूच्या पाठीवर घड्याळ काढलंय असं समजा, आपण मागून बघतोय. रॅकेट 6 वरून 12 कडे गेली तर फिरकी सरळ पुढची. चेंडू टप्पा पडून वर येतो, पण रेषा सोडत नाही. ती टॉपस्पिन. रॅकेट 7-8 वरून 1-2 कडे तिरकी वर गेली तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू हवेत थोडा डावीकडे झुकतो आणि टप्प्यानंतर वरही येतो, उजवीकडेही निघतो. ती किक. समोरचा उजव्या हाताचा असेल तर चेंडू त्याच्या बॅकहँडकडे, खांद्याच्या उंचीला चढतो. डावखुऱ्यासाठी हे सगळं आरशातल्यासारखं उलटं.

आपल्या मुलांना क्रिकेटमधून लवकर समजतं. ऑफस्पिनरचा चेंडू उजव्या फलंदाजाला हवेत बाहेर सरकतो आणि टप्प्यावर आत येतो. किकची वाट हुबेहूब तीच.

तरी एक कबूल करतो. अगदी 6 ते 12 अशी सरळ सर्व्हिस जवळपास कुणाच्याच हातून निघत नाही, हात आणि खांद्याची ठेवणच तशी नाही. म्हणून दोन फटके म्हणण्यापेक्षा एकाच फटक्याचा कमीजास्त कल म्हणणं जास्त बरोबर. जुनी मंडळी जास्त कललेल्या सर्व्हिसला 'ट्विस्ट' म्हणायची.

दयानंद_फिजिक्स
होटगीरोडकर काका, 'फिरकीच्या जोरावर वर उडतो' इथे थांबायला हवं. मराठीत सगळे असंच लिहितात आणि त्यातूनच गैरसमज पसरतो.

टप्प्याच्या क्षणी पुढची फिरकी असलेल्या चेंडूचा तळ चेंडूच्या मध्याच्या मानानं मागे जात असतो. म्हणून जमीन चेंडूला कमी अडवते. म्हणजे फिरकीमुळे चेंडूचा पुढचा वेग कमी मरतो, तो पुढे झेपावतो. वर उडवणारा जोर तिथून येत नाही. तो येतो चेंडू किती उभा खाली येतोय यातून. फिरकीचं खरं काम टप्प्याआधी, हवेत होतं. ती चेंडूला खाली दाबते, म्हणून तो जाळीवरून बराच उंच मारला तरी सर्व्हिस बॉक्समध्ये पडतो, आणि उंचावरून वाकून येत असल्यामुळे उभा पडतो.

ढोबळ हिशेब मांडतो. दोन्ही चेंडू 2.7 मीटरवर मारले आणि सर्व्हिस लाइनच्या जवळ पडले असं धरू. ताशी 180 किमीचा सपाट चेंडू जमिनीला सुमारे 11 अंशांत भेटतो, ताशी 125 किमीचा भरपूर फिरकीचा चेंडू सुमारे 20 अंशांत. गंमत अशी की दोघांचा खाली येण्याचा वेग फार वेगळा नाही, सपाटचा सेकंदाला 9 मीटरच्या आसपास, किकचा 10 च्या. पण सपाट चेंडू इतक्या घाईत पुढे जातो की वर चढायच्या आतच समोरच्याच्या रॅकेटपाशी पोचतो, कमरेच्या जरा वर. किकचा चेंडू तेच 6 मीटर अंतर जास्त वेळ घेऊन कापतो, तोवर पावणेदोन मीटरपर्यंत चढलेला असतो. हे आकडे तगड्या खेळाडूचे आहेत, शिबिरातल्या मुलांचे यापेक्षा बरेच कमी येतील.

किकची उजवीकडची उडीही तशीच समजते. कललेल्या फिरकीत टप्प्याच्या वेळी तळ थोडा डावीकडेही सरकत असतो, म्हणून जमीन चेंडूला उजवीकडे ढकलते.

होटगीरोडकर
म्हणजे उसळी फिरकीमुळेच की. हवेत म्हणा नाहीतर जमिनीवर.

दयानंद_फिजिक्स
शेवटी फिरकीमुळेच, मान्य. पण वाट कुठली ते टिपणात आलं पाहिजे. 'जमीन पकडून उडतो' असं वाचणारा मुलगा चेंडू खालीच मारत राहील. 'उंचावरून उभा पडतो म्हणून उडतो' असं वाचणारा जाळीवरून उंच मारायला धजेल.

अक्कलकोटची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी 14 वर्षांची, उजव्या हाताची. किक मारते असं ती म्हणते, पण चेंडू बॉक्सच्या मध्यातच पडतो, कमरेएवढाच येतो आणि टप्प्यानंतर डावीकडे जातो. जाळीवरून जेमतेम वीतभर जातो. रॅकेट बदलू का? दुकानदार जाड तार घ्यायला सांगतोय.

बेसलाइन
ताई, रॅकेट राहू द्या. चेंडू टप्प्यानंतर डावीकडे जातो या एका वाक्यातच उत्तर आहे. ती किक मारत नाहीये, स्लाइस मारतेय. रॅकेट पाठीवरून वर न जाता चेंडूच्या उजव्या कुशीवरून फिरतेय.

आधी उडवलेला चेंडू बघा. तिला चेंडू नेहमीसारखा वर उडवायला सांगा, पण मारू देऊ नका, खाली पडू द्या. सपाट सर्व्हिसचा चेंडू उजव्या खांद्याच्या पुढे, बेसलाइनच्या फूटभर आत पडलेला चालतो. किकसाठी तो डोक्याच्या वर, किंचित डावीकडे हवा, म्हणजे पडताना बेसलाइनपाशीच, डोक्याच्या किंवा डाव्या खांद्याच्या रेषेत पडेल. तिचा बहुतेक पुढे आणि उजवीकडे पडत असणार. तिथल्या चेंडूला रॅकेट खालून भेटूच शकत नाही.

दुसरं, छाती. फटका लागेपर्यंत छाती बाजूच्या कुंपणाकडे राहिली पाहिजे. ती आधीच जाळीकडे वळली की हात आडवा येतो.

तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी ओळखली जाते. फिरकी हवी म्हणून मुलं हात हळू करतात. व्हायला हवं उलट. हात सपाट सर्व्हिसइतकाच जोरात जायला हवा, फक्त तो जोर चेंडूला पुढे ढकलण्याऐवजी फिरवण्यात खर्च होतो. हळू हातानं ना वेग ना फिरकी, नुसता लोंबता चेंडू मिळतो.

करून बघायचं असेल तर तिला सर्व्हिस लाइनवर गुडघे टेकून सर्व्हिस करू द्या. तिथून जाळी इतकी उंच वाटते की रॅकेट आपोआप वर जाते. रोज 20 चेंडू पुरे. मग बेसलाइनवरून, जाळीच्या वर मीटरभर दोरी बांधून दोरीवरून मारायचं. कंबर मागे फार वाकवू देऊ नका. उंची पाय वाकवून वर उठण्यातून यायला हवी. पाठीच्या खालच्या भागात दुखायला लागलं तर तिथेच थांबवा.

कान द्या म्हणजे लगेच कळेल. सपाट लागलेला चेंडू 'फट्' वाजतो. बरोबर फिरवलेल्याचा आवाज दबका, सर्रकन येतो. आणि खूण म्हणून मागच्या कुंपणावर खडूनं रेघ मारा. टप्प्यानंतर चेंडू कुंपणाला कुठे लागतो ते आठवडाभर बघा. रेघ वर आणि उजवीकडे सरकली तर काम जमतंय.

अक्कलकोटची_आई
बघितलं सर. चेंडू पुढेच पडतोय, चांगला दोन फूट आत.

माग_आणि_धागा
क्रियापदाचं राहूनच गेलं. आमचा टॉवेलचा धंदा, म्हणून लव माहीत आहे. चेंडूवरही लवच असते, तार तिच्यात रुतते म्हणून चेंडू फिरतो. लव गेलेला टकला चेंडू देऊन मुलांना किक शिकवू नका.

आता शब्द. 'घासणे' यात हात मागेपुढे जातो, म्हणून मुलं आडवी फिरवतात, ताईंचं निरीक्षण बरोबर आहे. 'पुसणे' यात जोर नाही. 'चाटून जाणे' म्हणजे चुकून लागल्यासारखं, बॅटची कड चाटून गेला तसं. मला 'निपटणे' सुचतो. कपाळावरचा घाम बोटानं निपटतो तेव्हा बोट टेकलेलं असतं, थोडा दाब असतो, एकाच दिशेनं जातं आणि शेवटी झटकून सुटतं. रॅकेटनं चेंडूच्या पाठीवर तेच करायचं आहे ना?

बेसलाइन
अगदी तेच. शिबिरात मी मुलांना चेंडू कुंपणाच्या जाळीला टेकवून तारांनी दाबून धरायला लावतो आणि मग खालून वर लोळवायला सांगतो. दाब सुटला तर चेंडू पडतो, दाब जास्त झाला तर लोळत नाही. 'निपट' म्हटलं असतं तर माझी अर्धी बडबड वाचली असती.

होटगीरोडकर
शब्द चांगला आहे, पण आमच्याकडची पोरं 'निपटणे' म्हणजे काम उरकणे किंवा भांडण मिटवणे एवढंच समजतात. घाम निपटणे आजीकडून ऐकलेलं.

सातरस्ता
म्हणून टिपणात शब्दाआधी घामाचं उदाहरण देते. कच्चा मजकूर असा: 'चेंडू डोक्यावर, किंचित डावीकडे उडव. बोटानं कपाळावरचा घाम निपटतोस तशी रॅकेट चेंडूच्या पाठीवरून खालून वर, 7 कडून 1 कडे ने. हात जोरात. चेंडू जाळीवरून मीटरभर उंच जाऊ दे, फिरकी त्याला खाली आणेल.' डावखुऱ्यांसाठी खाली वेगळी ओळ, 5 कडून 11 कडे.

फटक्याचं नाव 'किक' ठेवते, 'लाथाळी' नको काका. 'उसळती सर्व्हिस' कंसाशिवाय एकदा लिहून बघणार आहे.

दयानंद_फिजिक्स
'उसळती' म्हटलं की बाजूची उडी सुटते. उसळती तर टॉपस्पिनही आहे.

बेसलाइन
आणि दुपारी 40 अंशांत कोर्टवर आलात तर गरम चेंडू एरवीही जास्तच उसळतो. खडूची रेघ रोज एकाच वेळी, सकाळी सातला तपासा, नाहीतर उन्हाची उसळी मुलांच्या नावावर लागेल.