लेबलवरचा ‘सी’ म्हणजे करंट की गॅस?

चाटीगल्ली_लेखा
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्याचं ऑफिस आहे. जिन्याजवळ आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलाय, त्याच्या लेबलचा फोटो जोडलाय. सगळं इंग्रजीत आहे आणि मला त्याचा मराठी फलक करायचा आहे. लेबलवर ‘ए-बी-सी पावडर, 4 किलो, आयएस 15683’ असं आहे, खाली तीन अक्षरांचे तीन चौकोन आणि त्याखाली चार चित्रं: पुल, एम, स्क्वीझ, स्वीप. मी लिहिलंय ते असं: ए – कागद, लाकूड, कापड. बी – पेट्रोल, ऑइल, थिनर. सी – करंट. शेवटच्या चित्राला ‘झाडून घ्या’ लिहिलं तर शिपाईमामा हसले. शब्द सुचवा.

लूमवाला_अशोकचौक
सी म्हणजे करंटच, त्यात शंका नको. आमच्याकडे ट्रेनिंगला व्हिडिओ दाखवला होता, त्यात सी खाली प्लगचं चित्र होतं. ‘झाडून घ्या’ मात्र काढा, पावडर संपल्यावर झाडू मारायचाच आहे!

सेफ्टी_होटगीरोड
दादा, व्हिडिओत प्लगचं चित्र होतं हे खरं असेल, पण तो व्हिडिओ अमेरिकेच्या पद्धतीचा. तिकडे सी म्हणजे वीज चालू असलेली उपकरणं. आपल्याकडच्या आयएस मानकात सी म्हणजे पेटणारे वायू, म्हणजे एलपीजी, ॲसिटिलीन वगैरे. ताईंच्या फोटोतही सीच्या चौकोनात गॅसच्या बाटलीतून निघणारी ज्योत दिसते आहे. लेबल वाचताना अक्षराआधी चित्र बघावं ते यासाठीच.

विजेला आपल्या वर्गवारीत स्वतंत्र अक्षरच नाही. कारण वीज स्वतः जळत नाही, जळतं ते वायरचं आवरण, प्लास्टिक, कागद. मेन स्विच पाडला की ती आग ‘ए’ची होते. सप्लाय चालू असताना तो सिलिंडर वापरता येतो का, हे अक्षरावरून ठरवायचं नाही. त्यासाठी लेबलवर वेगळं वाक्य असतं. फोटो मोठा करून बघा, अगदी खालच्या ओळीत ‘1000 व्होल्टपर्यंत, किमान 1 मीटर अंतरावरून’ असं बारीक छापलंय. तुमच्या फलकावर ही ओळ सगळ्यात ठळक हवी.

चाटीगल्ली_लेखा
म्हणजे ‘सी – करंट’ लिहिलं तरी सिलिंडर तोच, पावडर तीच. चुकून काय बिघडणार होतं?

सेफ्टी_होटगीरोड
दोन ठिकाणी बिघडतं. पहिलं: ज्याच्या लेबलवर ‘सी’ नाही, तो करंटवर चालत नाही असं लोक धरतात. तुमच्या यूपीएसच्या खोलीत सीओटूचा सिलिंडर असेल, काळा भोंगा असलेला. त्याच्यावर बहुतेक ‘बी’ एवढंच असतं. विजेच्या साधनावर तोच सगळ्यात बरा, पण फलक वाचणारा माणूस त्याला सोडून पावडर आणायला पळेल.

दुसरं जास्त गंभीर आहे. पँट्रीत चहाची शेगडी आणि सिलिंडर असेलच. नळी पेटली तर पावडरने ज्योत विझते, पण गॅस येतच राहतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साठतो आणि फ्रिजच्या एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून गॅसच्या आगीत आधी रेग्युलेटर बंद. तिथपर्यंत हात पोचत नसेल, तर हात जाईल एवढ्यापुरती ज्योत पावडरने दाबायची आणि लगेच रेग्युलेटर बंद करायचा. तेही जमत नसेल तर ज्योत जळू द्यायची, माणसं बाहेर काढायची आणि 101 ला फोन लावायचा. सीखाली ‘करंट’ लिहिलं तर हे वाक्य फलकावर येणारच नाही.

सातरस्ता_स्टोअर
आमच्या सिलिंडरचा काटा लाल भागात आलाय. दोन वर्षांपूर्वीच भरून घेतलाय. रिफिल कुठे स्वस्त?

सेफ्टी_होटगीरोड
इथे विषय लेबलचा चाललाय, पण सांगतो. कुणीतरी ‘चालतोय का’ म्हणून थोडंसं दाबून बघितलं असेल. एकदा दाबलं की पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, झडप पूर्ण बसत नाही आणि हळूहळू दाब निघून जातो. आत पावडर जवळजवळ तेवढीच असते, पण तिला ढकलणारं काही उरत नाही. म्हणून जरा जरी वापरला तरी पुन्हा भरून घ्यायचा. सीओटूवर काटा शोधू नका, तो वजनावरून तपासतात.

लूमवाला_अशोकचौक
अमेरिकेचं असेल बाबा, मान्य. पण आमच्या फिटरला ‘सी म्हणजे करंट’ एवढंच लक्षात राहतं. नवीन शिकवलं तर जुनंही विसरेल. बरं, चार चित्रांचं काय ठरलं?

भाषाप्रेमी_विजापूरवेस
‘पुल’ला ‘पिन ओढा’. ‘एम’ला ‘आगीच्या पायथ्याशी नेम धरा’. ‘स्क्वीझ’ला ‘पिळा’? ‘स्वीप’ला ‘डावीकडून उजवीकडे फिरवा’.

सेफ्टी_होटगीरोड
‘पिळा’ नको, ‘दांडे दाबा’. पहिल्या पायरीत मात्र एक भर घाला: ‘दांडे न दाबता पिन ओढा’. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात. घाबरलेला माणूस दोन्ही दांडे घट्ट धरून पिन ओढतो. दाबामुळे पिन भोकात आवळली जाते आणि ‘जाम झालंय’ म्हणून सिलिंडर टाकून पळतो. खालच्या दांड्याने उचलायचा, दुसऱ्या हाताने पिन जरा फिरवून ओढायची. प्लास्टिकचं सील आपोआप तुटतं.

‘पायथा’ डोंगराला शोभतो. ‘बुडाशी’ लिहा. ज्वाळेवर मारलेली पावडर वरच्या वर उडून जाते, आणि जळतं ते खाली असतं. सुरुवात दोन-अडीच मीटरवरून करायची. फार जवळून मारलं तर झोताने जळते कागदच उडतात. चार किलोचा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. तेव्हा दरवाजा पाठीशी ठेवूनच उभं राहायचं.

समजा प्रिंटरखालचा एक्स्टेंशन बोर्ड पेटला. आधी एमसीबी पाडा, मग पिन, मग बुडाशी झोत, ज्वाळा मागे हटेल तसे एकेक पाऊल पुढे. विझल्यावर पाठ फिरवायची नाही, मिनिटभर बघत राहायचं.

भाषाप्रेमी_विजापूरवेस
‘बुडाशी’ बोलीत ठीक, पण ऑफिसच्या फलकावर कसं दिसेल? ‘मुळाशी’ बरं वाटतं.

लूमवाला_अशोकचौक
मुळाशी म्हटलं की आमचा माणूस आग कुणामुळे लागली ते शोधत बसेल.

चाटीगल्ली_लेखा
ऑफिसलगत टॉवेलच्या गाठी रचलेल्या असतात. ‘ए’ मध्ये कापड येतं, म्हणजे तिथेही हाच सिलिंडर पुरे ना?

सेफ्टी_होटगीरोड
अक्षर बरोबर, पण पुरे नाही. ए-बी-सीची पावडर गरम पृष्ठभागावर वितळून थर धरते, त्यामुळे वरची ज्वाळा बसते. गाठीच्या पोटात मात्र कापूस धुमसत राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेट घेतो. तिथे पाणीच लागतं: होज रील, किंवा ‘ए’ लिहिलेला पाण्याचा सिलिंडर, आणि गाठ बाहेर ओढून फोडणं. पाण्याच्या सिलिंडरजवळ ‘विजेवर नको’ हे मोठ्या अक्षरांत लावा.

सातरस्ता_स्टोअर
आणि सर्व्हरवर पावडर उडाली तर? आमचे साहेब म्हणतात, आगीपेक्षा पावडरच जास्त नुकसान करते.

सेफ्टी_होटगीरोड
पावडर दमटपणात धातू खाते, हे खरं आहे. म्हणून त्या खोलीत सीओटू ठेवतात. पण खोली लहान आणि बंद असेल तर सीओटू मारून आत थांबता येत नाही, श्वास कोंडतो. भोंगा उघड्या हाताने धरला तर कातडी गोठून चिकटते. दोन्ही सिलिंडर दाराबाहेर टांगावेत असं माझं मत. काहीजण आतच हवा म्हणतात, त्यांच्याकडेही कारणं आहेत.

चाटीगल्ली_लेखा
फलक बदलला. ‘सी – गॅस: आधी रेग्युलेटर बंद’. त्याखाली वेगळ्या रंगात ‘वीज: आधी मेन स्विच; नाही जमलं तर 1 मीटर लांबून’. ‘बुडाशी’ ठेवलंय, साहेबांनी विचारलं तर बघू. यूपीएसच्या खोलीतल्या सीओटूचा फोटो उद्या टाकते, त्यावरचं बरंच घासलं गेलंय.