परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज: तुमचं नेमकं कुठे अडलं? (सातारा-सांगलीकरांचे अनुभव)

अजिंक्यतारा

माझी भाची यंदा पहिल्यांदा अर्ज करतेय. पदवी झाली आहे, साताऱ्यातच दोन वर्षं नोकरी झाली आहे. या शिष्यवृत्त्यांचं चक्र दरवर्षी त्याच वेळी फिरतं. ऑगस्टमध्ये ब्रिटनची चेव्हनिंग उघडते. त्याच सुमारास जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे विकासविषयक मास्टर्स कोर्स अर्ज घेऊ लागतात आणि प्रत्येक कोर्सची तारीख वेगळी असते. दिवाळीच्या आगेमागे युरोपियन युनियनच्या इरास्मुस मुंडुसच्या कोर्सचे अर्ज सुरू होतात, ते जानेवारीपर्यंत चालतात. वसंतात अमेरिकेची फुलब्राइट. ही यादी कुठेही मिळते, म्हणून ती नको. ज्यांनी स्वतः अर्ज केलेत त्यांनी एकच गोष्ट सांगा: नेमकं कुठे अडलं आणि ते कसं सुटलं? हवं तेवढं सविस्तर लिहा.

माणगंगा

मी दहिवडीची. २०१९ ला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि नंतर माण तालुक्यातच पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. डाडच्या त्या योजनेतून पाणी व्यवस्थापनाच्या मास्टर्ससाठी २०२२ ला अर्ज केला, तो नामंजूर झाला. २०२३ ला त्याच कोर्सला पुन्हा केला आणि २०२४ ला जर्मनीला गेले. दोन अर्जांमध्ये माझे गुण तेच होते, नोकरी तीच होती. बदलल्या फक्त दोन गोष्टी, त्या सांगते.

पहिली गोष्ट मालकाच्या पत्राची. या योजनेत पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि अर्ज डाडकडे नाही, थेट त्या कोर्सकडे जातो. शिफारसपत्र लेटरहेडवर हवं, त्यावर सही, शिक्का आणि अलीकडची तारीख हवी. २०२२ ला आमच्या सरांनी पत्र मनापासून लिहिलं, पण तारीख टाकायची राहिली आणि शिक्का ऑफिसात कुलूपबंद होता. मी ते तसंच जोडलं. पत्रात लिहिलं होतं की ही मुलगी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे. खरं असेलही, पण असं पत्र कुणाच्याही नावावर खपतं.

दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' मी नको म्हटलं. त्याऐवजी त्यांना एका कागदावर सात-आठ ओळी दिल्या: कुठल्या गावात काय केलं, किती महिने, कुठे चूक झाली आणि ती कशी दुरुस्त केली. त्यावरून सरांनी त्यांच्याच भाषेत लिहिलं. माझ्या एका चुकीचाही त्यात उल्लेख होता: एका गावात बांधाची जागा गावकऱ्यांना न विचारता ठरवली होती आणि ती बदलावी लागली. मला तेव्हा भीती वाटली होती. आज वाटतं, त्या पत्रातला सगळ्यात खरा भाग तोच होता.

दुसरी गोष्ट मोटिव्हेशन लेटरची. ते जास्तीत जास्त दोन पानांचं. २०२२ ला सुरुवात अशी केली होती: 'माझा तालुका दुष्काळी आहे, लहानपणापासून मी पाण्याची टंचाई पाहिली, म्हणून मला पाण्यासाठी काम करायचं आहे.' एकही शब्द खोटा नव्हता, पण निवडणाऱ्याला त्यातून माझ्याबद्दल काहीच कळलं नाही. जगातल्या शंभर दुष्काळी तालुक्यांतली मुलं हेच लिहीत असणार.

२०२३ ला मी माझी वही उघडली. आम्ही दोन गावांतल्या चौदा विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजायचो. दोरीला वजन बांधून आत सोडायचं, ओली खूण पाहायची आणि टेपने मोजायचं. त्यात एक गोष्ट मला सारखी खटकत होती. नालाबांधाच्या खालच्या एका विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी राहायचं आणि तिच्यापासून चारेकशे पावलांवरची दुसरी विहीर डिसेंबरातच तळ दाखवायची. दोघींची खोली जवळपास सारखी. आपल्याकडे पाणी काळ्या दगडाच्या कुजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत साठतं, त्यामुळे जवळच्या दोन विहिरी सारख्या वागतीलच असं नसतं. एवढं मला माहीत होतं. पण या दोन विहिरींमध्ये दगडाची आडवी भिंत आहे, भेगांची दिशा वेगळी आहे की उपसा जास्त आहे, हे सांगता येत नव्हतं. आणि ते सांगता येत नसल्यामुळे पुढचा बांध कुठे घालायचा हे आम्ही अंदाजानेच ठरवत होतो.

पत्राची सुरुवात मी या दोन विहिरींपासून केली. मग मला काय कळत नाही ते लिहिलं. त्या कोर्सच्या विषययादीतले भूजलाचे दोनच विषय घेतले आणि त्यांतून या प्रश्नाचा कुठला भाग सुटेल ते लिहिलं. शेवटी, परत आल्यावर पहिल्या वर्षी त्याच चौदा विहिरींवर काय करणार ते. 'देशसेवा' हा शब्द काढून टाकला. लिहून झाल्यावर वडिलांना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'ही तर आपल्या शिवारातलीच विहीर की.' तेव्हा जमलं असं वाटलं.

कृष्णाकाठ

सांगलीहून. ताई, छान लिहिलंत. पण जर्मनीबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, नसेल तर जर्मनीत अर्ज घेतच नाहीत. आधी ते काढा, मग बाकी सगळं. माझ्या चुलतभावाचं त्यातच एक सेमिस्टर गेलं.

माणगंगा

कृष्णाकाठ, विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस लागतं हे बरोबर. पण जर्मनीच्या सरकारी पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्यांना त्यातून सूट आहे, म्हणून मला व्हिसाला ते लागलं नाही. घोळ एवढाच की अर्ज करताना शिष्यवृत्ती मिळणार की नाही हे कुणाला माहीत असतं? माझ्या कोर्सने अर्जात ते मागितलं नव्हतं, माझ्या मैत्रिणीच्या कोर्सने मागितलं होतं. भाचीने तिच्या कोर्सचं पान ओळ न् ओळ वाचावं.

कोरेगावची आई

माझा मुलगा बारावीला आहे. त्याला पदवीच परदेशात करायची आहे. वरच्यांपैकी कुठली शिष्यवृत्ती त्याला चालेल? आत्तापासून कागद गोळा करायला घेतले तर चालतील का? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढूनच ठेवलाय.

अजिंक्यतारा

काकू, वर चाललंय ते सगळं मास्टर्सचं आहे, पदवीला यातली एकही लागू नाही. आणि दाखला आत्ताच काढू नका. तो ठरावीक आर्थिक वर्षाचा असतो, अर्जाच्या वेळी ज्या वर्षाचा मागतील त्याच वर्षाचा द्यावा लागतो. मुलाचा पासपोर्ट मात्र काढायला घ्या. त्यावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते बघा.

तासगाव_पूर्व

नावाचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. एवढ्यावर कुणी अडवत नाही. माझ्या वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र बारावीला एक आणि पदवीला दुसरं होतं, एका अक्षराचा फरक. मी इरास्मुसचा अर्ज भरताना 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. कोर्सने काही विचारलं नाही. माझ्या मित्राचं स्वतःचंच नाव दोन कागदांवर वेगळं होतं, त्याने राजपत्रात नाव छापून घेतलं आणि मग पासपोर्ट दुरुस्त केला. त्यात त्याचे महिने गेले. कुठल्या फरकाला प्रतिज्ञापत्र पुरतं आणि कुठे राजपत्रच लागतं, याचं पक्कं उत्तर मला आजवर कुणी दिलं नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा.

चाफळ

माझं वेळेत अडलं. चेव्हनिंगच्या पानावर शेवटच्या तारखेपुढे `12:00 UTC` लिहिलं होतं. मी ते रात्रीचे बारा धरले. चारही निबंध तयार होते, रात्री शांतपणे बसून पाठवायचं ठरवलं होतं. संध्याकाळी सहाला लॉगिन केलं तर अर्ज बंद. ते दुपारचे बारा होते आणि आपल्याकडे ते संध्याकाळचे साडेपाच. पूर्ण वर्ष गेलं.

दुसरी बाजूही आहे. युरोपातल्या कोर्सपुढे हिवाळ्यात `23:59 CET` लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४:२९. तिथे आपल्याला वेळ जास्त मिळतो. पण त्यावर विसंबू नका, शेवटच्या तासांत पोर्टल रांगतं. आता मी कॅलेंडरमध्ये तारीख आपल्या वेळेत बदलून, तीन दिवस आधीची टाकतो.

कृष्णाकाठ

चेव्हनिंगला पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरीच लागते ना? माझा भाऊ घरच्या रोपवाटिकेत काम करतो, म्हणून त्याने अर्जच केला नाही.

चाफळ

नाही. त्यांना एकूण २,८०० तास हवेत. अर्धवेळ, स्वयंसेवा, इंटर्नशिप सगळं धरतात. पदवीच्या आधीचंही पूर्वी धरत होते, आता धरतात का ते त्यांच्या पानावर बघा. आठवड्याला २० तास काम असेल तर १४० आठवडे लागतात, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आसपास. भावाने रोपवाटिकेतलं काम तासांत मोजून बघावं. वर माणगंगाताईंनी सांगितलेला 'पदवीनंतर दोन वर्षं' हा नियम डाडच्या त्या योजनेचा आहे. दोन्ही योजनांत दोन वर्षं म्हणतात, पण मोजतात वेगवेगळी.

निवृत्त प्राध्यापक, सातारा

मी शिफारसपत्रं पुष्कळ लिहिली. आमच्या बाजूची अडचण सांगतो. विद्यार्थी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन करतो, 'सर, तुम्हाला लिंक आली असेल.' पत्र अपलोड करायची ही लिंक येते कॉलेजच्या ईमेलवर. निवृत्तीनंतर तो ईमेल बंद असतो आणि पुष्कळ ठिकाणी साधा जीमेल चालत नाही. म्हणून विद्यार्थ्याने अर्ज उघडण्याच्या आधीच सरांना विचारावं: तुमचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का, आणि तो तुम्ही पाहता का? एका मुलीचं पत्र मी लिहून ठेवलं होतं, पण लिंक स्पॅममध्ये पडून राहिली आणि मुदत गेली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. मला मात्र अजून ते लागतं.

अजिंक्यतारा

सर, तुमचा निरोप भाचीला आत्ताच दिला. तिच्या दोन सरांपैकी एकजण मागच्या वर्षी निवृत्त झालेत. त्यांच्या जागी कुणाचं पत्र घ्यायचं ते ती उद्या कॉलेजात जाऊन विचारणार आहे. ट्रान्सक्रिप्टसाठीही उद्याच विद्यापीठात अर्ज देतेय. तासगावकरांच्या राजपत्राच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असेल तर थांबू नका, लिहा. तिच्या आईच्या नावाचं स्पेलिंगही दोन कागदांवर वेगळं आहे.