'अर्धवेळ सल्लागार' म्हणजे सकाळी की दुपारी?

गोदाकाठची लेक: बाबा मार्चमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आता आठवड्यातून दोन दिवस अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांचे ठिबक संच बघून द्यायचा विचार आहे. त्यांनी स्वतःची ओळख अशी लिहिली: "माजी उपविभागीय अभियंता. 34 वर्षांच्या प्रदीर्घ सेवेत विविध महत्त्वाची पदे भूषविली. सध्या अर्धवेळ सल्लागार म्हणून उपलब्ध." ती गावच्या ग्रुपवर टाकली. पहिला फोन आला, "साहेब, आमच्या चारीला पाणी सोडायला सांगा ना." दुसऱ्यानं विचारलं, "अर्धवेळ म्हणजे सकाळी की दुपारी?" बाबा दिवसभर गप्प होते. 'पार्ट टाइम'ला आपल्याकडे दुसरा शब्द आहे का?

परभणीकर: 'अर्धवेळ' आपल्या कानाला अर्ध्या दिवसाच्या नोकरीसारखा लागतो, त्यामुळे त्या माणसाचा प्रश्न बरोबरच आहे. आणि 'सल्लागार'पेक्षा 'मार्गदर्शक' लिहा. शुद्ध शब्द असताना उसना कशाला?

जुना दफ्तरदार: 'सल्ला' अरबी 'सलाह'वरून आला, त्याला फारसी 'गार' लागला. 'मसलत'ही त्याच अरबी धातूची. 'माजी' तर अरबी 'माज़ी', म्हणजे सरळ 'भूतकाळ'. आमचे आजोबा निजामाच्या महसुलात होते. ते पेन्शनला 'वजिफा' म्हणत, आणि निवृत्त माणूस म्हणजे 'वजिफायाब'. या शब्दांना उसनं म्हणालात तर मराठवाड्याची निम्मी बोली परत करावी लागेल.

परभणीकर: रुळलेल्या शब्दांना माझा विरोध नाही. पण नवा मजकूर लिहायला बसलोच आहोत, तर निवड करायला काय हरकत?

शाळामास्तर: मीही दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. 'मानद मार्गदर्शक' असं लिहिलं होतं, तर लोक फुकटच बोलवायला लागले. एका संस्थेनं वर्षभर फिरवलं आणि शेवटी शाल-नारळ हातात दिला. ताई, 'मानद' अजिबात लिहू नका. 'मानधन' म्हणायचं की 'फी', हे मला आजही सुटलेलं नाही.

बांधावरचा: मी 15 वर्षं ठिबकचे संच बसवतोय. ताई, खरी अडचण 'माजी'त आहे. ओळखीचा पहिलाच शब्द 'माजी' असला की वाचणारा खुर्चीकडे बघतो आणि पाळीचं पाणी मागतो. बाबांना बागेत बोलवायचं कशासाठी, ते त्या तीन ओळींत कुठंच नाही.

बागायतदार 'सल्ला पाहिजे' असं म्हणत नसतो. तो म्हणतो, "शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही." कारण बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो किंवा ड्रिपरमध्ये क्षार बसलेले असतात. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली मोजपात्र 15 मिनिटं धरलं तर 1 लिटर जमायला पाहिजे. पहिल्या झाडाजवळ 1 लिटर आणि शेवटच्या झाडाजवळ पाऊण लिटर निघालं, तर संचात दोष आहे. बाबा हे काम करणार असतील तर तेच लिहा:

"मोसंबीच्या बागेत ठिबकचं पाणी सगळ्या झाडांना सारखं मिळतं का, ते मोजून बघतो आणि कमी पडत असेल तर कारण शोधून देतो. दर मंगळवारी व गुरुवारी बागेत येतो. भाग अंबड आणि घनसावंगी. कालव्याची पाळी किंवा खात्यातली कामं माझ्याकडे नाहीत. यापूर्वी 34 वर्षं पाटबंधारे खात्यात अभियंता होतो."

जुनी नोकरी शेवटी, एका ओळीत. ती काढू नका, भरवसा तिच्यामुळेच बसतो. वार लिहिले की 'अर्धवेळ' लागतच नाही.

परभणीकर: मजकूर चांगला झाला. पण "माझ्याकडे नाहीत" हे एवढं तोंडावर सांगायचं?

बांधावरचा: हो. नाहीतर मंगळवार-गुरुवार तेच फोन घेण्यात जातील. एक मात्र आहे, जुनी ठिबकं बरीच बिघडलेली असतात. एका दिवसात किती बागा होतील ते बाबांनी आधी दोन-तीन बागा बघून ठरवावं, मगच लिहावं.

जुना दफ्तरदार: 'सध्या' राहिला. आमचे गुरुजी तो 'संध्या'वरून आला म्हणायचे, मला 'सद्यः' पटतं.

परभणीकर: 'सद्यः' म्हणजे 'लगेच'. अर्थ जुळत नाही.

जुना दफ्तरदार: 'सद्यःस्थिती' म्हणतोच की आपण!

गोदाकाठची लेक: बाबांना वाचून दाखवलं. मंगळवार-गुरुवार लगेच मान्य केलं. 'उपविभागीय' हा शब्द मात्र काढू देत नाहीत, "तेवढा राहू दे" म्हणतात. आणि 'येतो' लिहू की 'येतील'? मजकूर बाबांचा आहे, पण ग्रुपवर टाकणार मी.

शाळामास्तर: मानधनाचं काय ठरलं, ते पण लिहा ताई.